२४ फॉर्म, तीन प्रश्न, तीन चाचण्या : अभ्यासिका पाहणीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

काम असे: लहान पाहणीच्या आकड्यांना टी-टेस्ट लावायची, काय-स्क्वेअर लावायची की क्रमांकांवर चालणारी चाचणी लावायची, हे एका नमुना-संचावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहणे. संच सरावासाठी बेतलेला आहे, कोणत्याही खऱ्या अभ्यासिकेचा नाही. छोट्या पाहणीत हमखास होणाऱ्या काही चुका त्यात मुद्दाम पेरल्या आहेत.

मांडणी: एका वाचनालयाची अभ्यासिका. दोन बॅच, सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९, आठवड्याचे सातही दिवस. फॉर्मवर तीन प्रश्न आहेत. गेल्या आठवड्यात इथे किती तास बसलात? इथल्या शांततेबद्दल किती समाधानी आहात, १ ते ५ पैकी एका आकड्याला गोल करा. पुढच्या महिन्याची फी भरणार का, हो की नाही? तिन्ही प्रश्नांत शोधायचे एकच आहे: सकाळ आणि संध्याकाळ या बॅचमध्ये फरक दिसतो का.

फाइल उघडण्याआधी कोणती चाचणी लावायची ते कागदावर लिहून ठेवले. उत्तरे पाहिल्यावर चाचणी निवडली की हात नकळत सोयीच्या आकड्याकडे जातो, आणि इतक्या लहान पाहणीत तो मोह फार जवळ असतो. तासांसाठी वेल्चची टी-टेस्ट. समाधानासाठी क्रमांकांवर चालणारी मान-व्हिटनी. हो-नाहीसाठी काय-स्क्वेअर, पण सारणीतली कोणतीही अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट.

निवड एकूण फॉर्म किती यावरून केलेली नाही. एका माणसाचे एक उत्तर नेमके काय आहे, यावरून केली आहे. तास हे माप आहे: १२ आणि ९ यांत तीन तासांचे अंतर आहे आणि १५ आणि १२ यांतही तेवढेच. समाधानाचा आकडा ही पायरी आहे: ४ ही ३ च्या वर आहे एवढे नक्की, पण किती वर ते कुणी मोजलेले नाही. हो-नाही हा खण आहे. माणूस या खणात बसतो किंवा त्या, वर-खाली काही नाही.

४ फेब्रुवारी

फॉर्म मोजले: २६. त्यांपैकी दोन फॉर्मवर एकच सभासद क्रमांक आहे, एक सकाळच्या गठ्ठ्यात आणि एक संध्याकाळच्या. हा माणूस दोन्ही बॅचना बसतो. तिन्ही चाचण्या गृहीत धरतात की प्रत्येक ओळ वेगळ्या माणसाची आहे आणि एकाच्या उत्तराचा दुसऱ्याच्या उत्तराशी संबंध नाही. इथे तो उघड आहे. त्याला कोणत्या बॅचमध्ये धरायचे याला पटण्याजोगे उत्तर नाही, म्हणून दोन्ही फॉर्म बाजूला काढले आणि तशी नोंद ठेवली. उरले २४, प्रत्येक बॅचमध्ये १२. उत्तरे अजून पाहिलेली नाहीत, त्यामुळे हा निर्णय निकालाकडे झुकलेला असण्याचा प्रश्न येत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासायची असते. समजा त्याच २४ जणांना पंखे बदलण्याआधी आणि बदलल्यावर असे दोनदा विचारले असते, तर वर लिहिलेल्या तिन्ही चाचण्या चुकीच्या ठरल्या असत्या. तिथे माणूस स्वतःशीच ताडला जातो. मापासाठी जोडीची टी-टेस्ट, पायऱ्यांसाठी विल्कॉक्सनची साइन्ड-रँक, हो-नाहीसाठी मॅकनेमार. सॉफ्टवेअर याबाबत काहीही विचारत नाही. बारा आणि बारा आकडे दिले की ते उत्तर देऊन मोकळे होते. जोडी आहे की नाही हे फॉर्म गोळा करणाऱ्यालाच माहीत असते, म्हणून फाइलमध्ये सभासद क्रमांकाचा रकाना हवाच.

६ फेब्रुवारी

प्रश्न पहिला, तास. दोन्ही बॅचचे आकडे चढत्या क्रमाने:

सकाळ: ६, ७, ८, ८, ९, १०, १०, ११, १२, १२, १३, १४
संध्याकाळ: ९, १०, ११, ११, १२, १२, १३, १४, १४, १५, १६, ९१

९१ ही पेरलेली पहिली चूक. बॅच तीन तासांची आणि आठवडा सात दिवसांचा, म्हणजे कमाल २१ तास. त्यामुळे ९१ अशक्य आहे हे कोणत्याही चाचणीशिवाय कळते. मूळ फॉर्मवर १९ आहे. टाइप करताना अंक उलटले. अशी दुरुस्ती नेहमी मूळ कागद पाहूनच करायची. कागद नसता तर ते उत्तर कोरे सोडले असते. ‘फार मोठे वाटते’ म्हणून आकडा वगळणे आणि ‘असा आकडा असूच शकत नाही’ म्हणून वगळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुरुस्तीआधी मुद्दाम एकदा तसेच चालवून पाहिले, कारण ही चूक टी-टेस्टला काय करते ते बघण्यासारखे आहे. ९१ ठेवून संध्याकाळची सरासरी १९ येते, सकाळची १०. फरक ९ तासांचा. एवढा मोठा फरक, तरी टी फक्त १.३६ आणि पी ०.२०. पी म्हणजे खरा फरक मुळीच नसता तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. आता ९१ च्या जागी १९. संध्याकाळची सरासरी १३ होते, फरक ९ वरून ३ वर येतो, आणि पी मात्र ०.०११ होतो. फरक तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि पुरावा उलट भक्कम झाला.

कारण टीच्या छेदात आहे. टी म्हणजे सरासरींतला फरक भागिले त्या फरकाची प्रमाण त्रुटी, आणि ही त्रुटी आकड्यांच्या पसाऱ्यावर ठरते. ९१ असताना संध्याकाळचे प्रमाण विचलन २२.८ होते, दुरुस्तीनंतर ते २.८ झाले. एका आकड्याने अंश तिप्पट केला, पण छेद सहापट केला. म्हणून एखादा बेफाम आकडा नेहमी ‘खोटा निकाल’च देतो असे नाही. पुष्कळदा तो खरा फरक झाकून टाकतो.

दुरुस्त आकड्यांचे गणित हाताने:

सकाळ: सरासरी १०, सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ६८, विचरण ६८ ÷ ११ = ६.१८.
संध्याकाळ: सरासरी १३, वर्गांची बेरीज ८६, विचरण ८६ ÷ ११ = ७.८२.
प्रमाण त्रुटी: ६.१८ ÷ १२ आणि ७.८२ ÷ १२ यांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे १.०८.
टी = ३ ÷ १.०८ = २.७८. वेल्चच्या सूत्राने डिग्रीज ऑफ फ्रीडम २१.७. पी ०.०११.

फरकाचा ९५ टक्के विश्वास-पट्टा ०.८ ते ५.२ तास. पट्टा रुंद आहे आणि तो लिहायलाच हवा. बारा-बारा माणसांवरून ‘तीन तास’ असे ठाम सांगता येत नाही. पाऊण तासापासून सव्वापाच तासांपर्यंत काहीही असू शकते.

वेल्चच का? जुनी, समान विचरण गृहीत धरणारी टी-टेस्ट इथे जवळपास तेच उत्तर देते, कारण दोन्ही बॅच सारख्या आकाराच्या आहेत. पण एकीकडे ८ आणि दुसरीकडे २० माणसे असती आणि लहान गटाचा पसारा मोठा असता, तर जुनी चाचणी पी उगाच कमी दाखवते. वेल्च हा धोका टाळते आणि त्यासाठी फारशी किंमत मोजावी लागत नाही. SciPy मध्ये मात्र ती आपोआप लागत नाही, सांगावी लागते:

```python
from scipy import stats
stats.ttest_ind(sandhyakal, sakal, equal_var=False)
```

याच तासांवर मान-व्हिटनीही चालवली, फक्त ताळ्यासाठी. यू ११३, पी ०.०१९. विशेष म्हणजे ९१ असताना आणि १९ असताना हा निकाल अगदी एकच येतो. क्रमांक लावणाऱ्या चाचणीला एवढेच दिसते की हा आकडा सगळ्यांत मोठा आहे. तो १९ आहे, ९१ आहे की ९०० आहे याने त्याचा चोविसावा नंबर बदलत नाही. हा या चाचणीचा गुण आहे. पण त्याच गुणामुळे ती टाइपिंगची चूकही गिळून टाकते, हे विसरायचे नाही. आकडे स्वच्छ करण्याचे काम कुठल्याही चाचणीवर सोपवता येत नाही.

अहवालात मुख्य म्हणून टी-टेस्टच जाईल. ३ तारखेला तसे लिहिले आहे, आणि वाचनालयाला ‘किती तासांचा फरक’ हेच हवे आहे. क्रमांकांतून ते तासांत सांगता येत नाही.

७ फेब्रुवारी

छोटी नोंद. अनेक प्रकल्पांत आकडे घंटाकृती आहेत का हे पाहायला आधी शापिरो-विल्क चाचणी लावतात, तिचा पी ०.०५ या नेहमीच्या रेघेच्या वर आला तर टी-टेस्ट, खाली आला तर मान-व्हिटनी. ही पद्धत इथे वापरलेली नाही. बारा आकड्यांत शापिरो-विल्कला वाकडेपणा ओळखण्याची ताकद फार कमी असते, म्हणून ती गप्प राहिली याचा अर्थ आकडे घंटाकृती आहेत असा होत नाही. उलट शेकडो आकडे असतील तर ती क्षुल्लक वाकडेपणावरही बोट ठेवते, आणि तिथे टी-टेस्टला त्याने काही बिघडत नाही. म्हणजे गरज असते तिथे ती मुकी आणि गरज नसते तिथे बोलकी.

त्याऐवजी चौकटीच्या कागदावर प्रत्येक बॅचचे बारा ठिपके काढले. दोन्हीकडे ठिपके मध्ये दाट आणि कडांना विरळ आहेत, कुठेही लांब शेपूट नाही. टी-टेस्टला एवढे पुरे. प्रश्न ‘महिन्याला पुस्तकांवर किती रुपये खर्च करता’ असा असता तर बहुतेक उत्तरे लहान आणि दोन-तीन प्रचंड आली असती, आणि तिथे आधीपासूनच क्रमांकांची चाचणी लिहून ठेवली असती.

१० फेब्रुवारी

प्रश्न दुसरा, शांततेबद्दल समाधान. किती जणांनी कोणत्या आकड्याला गोल केला:

| | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|
| सकाळ | १ | १ | ३ | ४ | ३ |
| संध्याकाळ | ३ | ४ | ३ | १ | १ |

नुसते पाहिले तरी सकाळचे लोक उजवीकडे आणि संध्याकाळचे डावीकडे सरकलेले दिसतात. आता मान-व्हिटनी. चोवीसही जणांना एका रांगेत उभे करायचे, सर्वांत कमी समाधानी पहिला. एकच उत्तर देणाऱ्यांना त्यांच्या नंबरांची सरासरी द्यायची. ‘१’ म्हणणारे चार जण आहेत, त्यांचे नंबर १ ते ४, म्हणून प्रत्येकाला २.५. ‘२’ चे पाच जण, नंबर ५ ते ९, प्रत्येकाला ७. ‘३’ चे सहा जण, प्रत्येकाला १२.५. ‘४’ ला १८ आणि ‘५’ ला २२.५.

सकाळच्या बाराजणांच्या नंबरांची बेरीज: २.५ + ७ + (३ × १२.५) + (४ × १८) + (३ × २२.५) = १८६.५. संध्याकाळची ११३.५. दोन्ही मिळून ३००, आणि १ ते २४ ची बेरीजही ३००. हा ताळा जुळला नाही तर पुढे जायचे नाही. बहुधा सारख्या उत्तरांना नंबर वाटताना चूक झालेली असते.

यू = १८६.५ − (१२ × १३ ÷ २) = १०८.५.

या आकड्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक अशा १२ × १२ = १४४ जोड्या होतात. त्यांपैकी ९७ जोड्यांत सकाळचा माणूस जास्त समाधानी आहे, २४ मध्ये संध्याकाळचा, आणि २३ मध्ये दोघांचे उत्तर एकच. बरोबरीच्या जोड्या अर्ध्या-अर्ध्या वाटल्या की ९७ + ११.५ = १०८.५. म्हणजे कोणतीही एक जोडी उचलली तर सकाळचा माणूस वरचढ असण्याचे प्रमाण ७५ टक्के. फरक नसता तर ते ५० टक्क्यांच्या आसपास असते. वाचनालयाच्या समितीला हे वाक्य थेट सांगता येते.

पी काढताना बरोबरीच्या उत्तरांची दुरुस्ती लागते. पाच पायऱ्यांवर चोवीस माणसे, म्हणजे बरोबरी भरपूर असणारच. दुरुस्तीशिवाय यूचे प्रमाण विचलन १७.३२ आणि पी ०.०३८, दुरुस्तीने ते १६.९६ होते आणि पी ०.०३४. इथे फरक थोडाच आहे, पण बहुतेकांनी एकाच आकड्याला गोल केला तर तो वाढत जातो. SciPy मध्ये `method="asymptotic"` दिले की ही दुरुस्ती आपोआप होते. `method="exact"` बरोबरी लक्षात घेत नाही, त्यामुळे ‘एक्झॅक्ट म्हणजे जास्त अचूक’ असे समजून ते अशा उत्तरांवर लावू नये.

```python
stats.mannwhitneyu(sakal_s, sandhyakal_s, method="asymptotic")
```

आता याच सारणीवर काय-स्क्वेअर लावली तर काय होते ते पाहू, कारण सारणी दिसली की हात तिकडेच जातो. दोन्ही बॅच सारख्या, म्हणून प्रत्येक रकान्याची बेरीज निम्मी करून अपेक्षित संख्या मिळतात: २, २.५, ३, २.५, २. दहाच्या दहा खणांत ५ पेक्षा कमी. काय-स्क्वेअर ५.६, डिग्रीज ४, पी ०.२३.

०.०३४ आणि ०.२३, तेही त्याच २४ फॉर्मवर. अपेक्षित संख्या लहान आहेत ही एक अडचण झाली, पण मोठे कारण वेगळे आहे. काय-स्क्वेअरला रकान्यांचा क्रम कळत नाही. ‘१’ चा रकाना उचलून ‘४’ च्या पुढे ठेवला आणि बाकीचे वाटेल तसे फिरवले तरी ५.६ हा आकडा हलत नाही. तिच्या लेखी हे पाच रकाने म्हणजे पाच रंग आहेत. सकाळचे लोक सगळे एकाच दिशेला सरकले आहेत, ही या आकड्यांतली सर्वांत बोलकी गोष्ट, आणि नेमकी तीच ती चाचणी टाकून देते. पुरावा चार डिग्रींत विखुरला जातो आणि पी वर चढतो.

अपेक्षित संख्या वाढवण्यासाठी रकाने एकत्र करणे हा दुसरा नेहमीचा उपाय. ४ आणि ५ म्हणजे समाधानी, १ ते ३ म्हणजे नाही. सकाळी ७ विरुद्ध ५, संध्याकाळी २ विरुद्ध १०. फिशरने पी ०.०८९. पुन्हा माहिती गेली: ‘१’ म्हणणारा चिडलेला माणूस आणि ‘३’ म्हणणारा मधला माणूस एकाच खणात पडले. शिवाय रेघ ३ च्या खाली मारायची की वर, हा निर्णय आकडे पाहून घेतला तर तो मनासारखा वळवता येतो. पायऱ्या आहेत तर पायऱ्याच ठेवाव्यात.

११ फेब्रुवारी

समाधानाच्या आकड्यांवर टी-टेस्ट का नाही, याची नोंद. सकाळची सरासरी ३.५८, संध्याकाळची २.४२, टी २.३०, पी ०.०३१. मान-व्हिटनीच्या ०.०३४ च्या अगदी शेजारी. पाच पायऱ्यांवर, दोन्ही गटांत उत्तरे बऱ्यापैकी पसरलेली असताना, हे दोन निकाल सहसा जवळच येतात. तेव्हा टी-टेस्ट लावणाऱ्याचे आकाश कोसळत नाही.

अडचण पीपेक्षा सरासरीच्या अर्थाची आहे. ‘समाधानात १.१७ ने फरक’ हे वाक्य वाचणाऱ्याला काय सांगते? ते तेव्हाच अर्थपूर्ण, जेव्हा १ ते २ हे अंतर आणि ४ ते ५ हे अंतर सारखे आहे असे मानायची तयारी असेल. एका प्रश्नाबाबत ती तयारी नाही. एकाच गोष्टीबद्दलचे दहा प्रश्न असते आणि त्यांची बेरीज करून १० ते ५० असा गुण काढला असता, तर त्या गुणावर टी-टेस्ट लावायला हरकत घेतली नसती.

आणखी एक: मान-व्हिटनी ही ‘मध्यकांची चाचणी’ आहे असे सर्रास लिहिले जाते. इथे मध्यक ४ आणि २ आहेत, म्हणून ते खपून जाईल. पण दोन्ही मध्यक सारखे असूनही पी लहान येऊ शकतो, कारण चाचणी जोड्या मोजते, मधला माणूस पाहत नाही. अहवालात ७५ टक्क्यांचे वाक्य जाईल, मध्यक फक्त माहिती म्हणून.

१३ फेब्रुवारी

प्रश्न तिसरा, फी भरणार का.

| | हो | नाही |
|---|---|---|
| सकाळ | १० | २ |
| संध्याकाळ | ५ | ७ |

अपेक्षित संख्या: ‘हो’ एकूण १५, म्हणून प्रत्येक बॅचला ७.५, ‘नाही’ एकूण ९, म्हणून ४.५. चारपैकी दोन खण ५ च्या खाली. लक्षात ठेवायचे ते असे की ५ चा नियम अपेक्षित संख्येला लागू आहे, सारणीत दिसणाऱ्या संख्येला नाही. सकाळच्या ‘नाही’ खणात २ आहे म्हणून काय-स्क्वेअर बाद होत नाही. तिथे अपेक्षा ४.५ ची आहे म्हणून होते. ठरल्याप्रमाणे फिशर.

तरी तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले. साधी काय-स्क्वेअर: ४.४४, पी ०.०३५. येट्सच्या १९३४ च्या दुरुस्तीसह: २.८४, पी ०.०९२. फिशर: ०.०८९. म्हणजे ०.०५ ची रेघ या तिघांच्या मधून जाते. चाचणी आधी लिहून ठेवण्याचा फायदा इथे दिसतो. नाहीतर ०.०३५ घेऊन पुढे जाणे फार सोपे होते. SciPy चे `chi2_contingency` दोन-बाय-दोन सारणीला येट्सची दुरुस्ती न सांगता लावते, त्यामुळे हाताने केलेले उत्तर आणि संगणकाचे उत्तर जुळत नाही आणि लोक तासभर चूक शोधत बसतात.

फिशर हाताने करता येते आणि एकदा तरी करावी. विचार असा: चोवीस जणांपैकी नऊ जण ‘नाही’ म्हणणार हे धरून चालू. बॅचचा काही संबंधच नसेल, तर हे नऊ जण चोविसांतून कसेही निवडले जाऊ शकतात. असे प्रकार १३,०७,५०४. त्यांपैकी सकाळच्या बॅचला दोनच ‘नाही’ येतील असे प्रकार ६६ × ७९२ = ५२,२७२. एकच येईल असे १२ × ४९५ = ५,९४०. एकही येणार नाही असे २२०. एकूण ५८,४३२. भागाकार ०.०४४७. उलट्या बाजूला, म्हणजे संध्याकाळकडे इतकेच कमी ‘नाही’ येण्याचे प्रकारही तेवढेच, कारण बॅच सारख्या आहेत. दुप्पट करून ०.०८९. (१० तारखेच्या एकत्र केलेल्या सारणीचा पीही हाच होता. ती सारणी म्हणजे हीच सारणी उलटून ठेवलेली, त्यात गूढ काही नाही.)

निकाल किती नाजूक आहे तेही पाहिले. संध्याकाळच्या एकाच माणसाने ‘हो’ ऐवजी ‘नाही’ म्हटले असते, तर सारणी १०-२ आणि ४-८ झाली असती आणि फिशरचा पी ०.०३६. एका माणसाच्या मनावर ०.०८९ चे ०.०३६ होते. म्हणून ‘फरक नाही’ असे लिहिणे जसे चूक, तसे ‘फरक सिद्ध’ लिहिणेही. सकाळचे ८३ टक्के आणि संध्याकाळचे ४२ टक्के फी भरणार, हा दिसलेला फरक मोठा आहे. तो ठामपणे सांगायला बारा-बारा माणसे कमी पडतात.

```python
stats.fisher_exact([[10, 2], [5, 7]])
```

१४ फेब्रुवारी

पेरलेली दुसरी चूक. फाइलच्या दुसऱ्या पानावर हो-नाहीची सारणी टक्क्यांत आहे: ८३, १७, ४२, ५८. हे चार आकडे तसेच काय-स्क्वेअरला दिले तर उत्तर ३५.९ येते, आणि पी इतका लहान की छापताना शून्य दिसतो. चाचणीने २४ ऐवजी २०० माणसे आहेत असे धरले. काय-स्क्वेअर आणि फिशर यांना नेहमी मोजलेली माणसेच द्यायची. ओळखायची खूण सोपी: सारणीतल्या सगळ्या खणांची बेरीज करायची, ती फॉर्मच्या संख्येइतकी आली पाहिजे.

हीच खूण ‘लागू असतील तितक्या सर्व खुणा करा’ या प्रश्नालाही पकडते. तिथे एक माणूस तीन खुणा करतो आणि बेरीज फॉर्मपेक्षा जास्त येते. अशा प्रश्नात प्रत्येक पर्यायाची वेगळी हो-नाही सारणी करायची.

लहान गटांची एक मर्यादाही नोंदवून ठेवतो. प्रत्येक बॅचमध्ये तीनच माणसे असती, तर मान-व्हिटनीचा दोन्ही बाजूंचा एक्झॅक्ट पी ०.१० च्या खाली जाऊच शकला नसता: सहा जणांतून तीन निवडण्याचे २० प्रकार, टोकाचे २, म्हणून २ ÷ २०. सगळे सकाळचे वर आणि सगळे संध्याकाळचे खाली असले तरी तेच. चार-चार माणसांत ते २ ÷ ७० = ०.०२९ होते. तेव्हा तीन-तीन फॉर्मवर ही चाचणी लावून ‘फरक आढळला नाही’ लिहिण्याला काही अर्थ नाही, कारण ०.०५ च्या रेघेने फरक आढळणे शक्यच नव्हते.

१७ फेब्रुवारी

तीन प्रश्न, तीन पी: ०.०११, ०.०३४, ०.०८९. तिन्ही मिळून ‘बॅचमध्ये काहीतरी फरक आहे’ असा एकच दावा करायचा असेल, तर तीनदा नशीब आजमावल्याची किंमत मोजावी लागते. होल्मच्या पद्धतीने सर्वांत लहान पी तिपटीने, पुढचा दुपटीने, शेवटचा तसाच: ०.०३३, ०.०६८, ०.०८९. रेघेखाली तासांचा एकच निकाल उरतो. इथे तिन्ही प्रश्न वेगळ्या निर्णयांसाठी आहेत (वेळापत्रक, आवाज, फीचा अंदाज), म्हणून मूळ पी लिहिले आणि होल्मचे आकडे शेजारच्या रकान्यात ठेवले. वाचणाऱ्याला दोन्ही दिसावेत.

अहवालात गेलेला मजकूर:

‘संध्याकाळच्या बॅचचे सभासद आठवड्याला सरासरी १३ तास बसतात, सकाळचे १० तास. फरक ३ तास, ९५ टक्के विश्वास-पट्टा ०.८ ते ५.२ तास (वेल्चची टी-टेस्ट, टी २.७८, डिग्रीज २१.७, पी ०.०११). शांततेबद्दल सकाळचे सभासद जास्त समाधानी आहेत, सकाळ-संध्याकाळ अशी कोणतीही जोडी घेतली तर सकाळचा सभासद वरचढ असण्याचे प्रमाण ७५ टक्के, बरोबरीच्या जोड्या निम्म्या धरून (मान-व्हिटनी, यू १०८.५, पी ०.०३४). पुढची फी भरणार असे सकाळच्या १२ पैकी १० आणि संध्याकाळच्या १२ पैकी ५ जणांनी सांगितले (फिशर, पी ०.०८९), दिसणारा फरक मोठा आहे, पण एवढ्या फॉर्मवरून तो नक्की म्हणता येत नाही. दोन्ही बॅचना बसणाऱ्या एका सभासदाचे दोन फॉर्म वगळले आहेत. एका फॉर्मवरचा आकडा मूळ कागद पाहून ९१ वरून १९ केला आहे.’

कच्ची फाइल, दुरुस्त फाइल आणि ३ तारखेचा चाचण्या लिहिलेला कागद एकाच फोल्डरमध्ये ठेवले. कच्च्या फाइलमध्ये ९१ तसाच आहे.